आडवी बेरीज, उभी बेरीज

[दृश्य: नाशिक, रविवार कारंजा. सकाळची गर्दी. कॅमेरा एका जुन्या वाड्याच्या जिन्याने वर जातो. टेबलावर पिवळी पडलेली छापील पुस्तिका, भिंग, लोखंडी पट्टी, लॅपटॉप.]

ही पुस्तिका कांद्याच्या खरेदी-विक्रीचा वार्षिक अहवाल आहे. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून छापलेला, सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचा. घरातल्या जुन्या ट्रंकेत असे बरेच अहवाल सापडले आणि त्यातले तक्ते संगणकावर उतरवायचं काम मी अंगावर घेतलं. मदतीला मामा. मामा नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, त्यामुळे छापील आकड्याकडे ते आपल्यासारखं बघत नाहीत. आपण आकडा वाचतो, ते आकड्याची शाई बघतात.

अहवाल खासगी आहे, म्हणून इथे दाखवलेल्या तक्त्यातली गावं आणि आकडे बदललेले आहेत. चुका मात्र मी केल्या त्याच आहेत.

[दृश्य: पानाचा जवळून फोटो. ‘९’ची वरची गाठ पुसट.]

हा अंक बघा. एक की नऊ? खिळा झिजला की नवाची गाठ उमटत नाही आणि त्याचा एक होतो. चाराचं वरचं टोक शाईने बुजलं की तो पाचासारखा दिसायला लागतो. नुसत्या डोळ्यांवर विसंबलं तर तक्त्याच्या शंभर घरांत दोन-तीन ठिकाणी तरी मी हमखास फसते, आणि फसले हे मला कळतही नाही. कारण १९४ वाचलं काय आणि ११४ वाचलं काय, दोन्ही आकडे तितकेच खरे वाटतात.

सुदैवाने छापणाऱ्याने प्रत्येक ओळीच्या शेवटी आडवी बेरीज आणि प्रत्येक स्तंभाच्या तळाशी उभी बेरीज दिली आहे. म्हणजे तक्त्यातला प्रत्येक आकडा दोनदा मोजला गेला आहे, एकदा आडवा आणि एकदा उभा. आमची सगळी तपासणी या दुहेरी मोजणीवर चालते.

[दृश्य: पडद्यावर तक्ता. गोण्या: पोळ, रांगडा, उन्हाळ, एकूण.]

चार गावं आहेत: लासलगाव, विंचूर, निफाड, सिन्नर. कांदा तीन हंगामांचा. मी आधी बारा घरं टाइप केली. मग छापील बेरजासुद्धा टाइप केल्या, जशा दिसल्या तशा. ही पायरी फार जण गाळतात. संगणक बेरीज करतोच आहे, मग छापलेली कशाला लिहायची, असं वाटतं. पण छापील बेरीज टाकली नाही तर तुलना करायची कशाशी? संगणक माझ्या चुकीच्या आकड्यांची अगदी अचूक बेरीज करून देईल.

छापील एकूण ‘E’ स्तंभात, आणि त्याच्या शेजारी फरक काढणारं सूत्र:

```
=SUM(B2:D2)-E2
```

तळाशी, सहाव्या ओळीत छापील उभ्या बेरजा, आणि त्याखाली:

```
=SUM(B2:B5)-B6
```

जाता जाता एक सांगते. घरांत आकडे इंग्रजी अंकांतच टाका. मी पहिल्यांदा हौसेने देवनागरीत टाकले, तर माझ्या संगणकाने ते मजकूर म्हणून घेतले आणि बेरजेतून गुपचूप वगळले. अर्धी संध्याकाळ त्यात गेली.

[दृश्य: फरकाचे स्तंभ. दोन ओळी आणि दोन स्तंभ लाल.]

आता फरक बघू. लासलगाव शून्य, सिन्नर शून्य. विंचूरपुढे उणे ८०, निफाडपुढे उणे ३६. खाली पोळ शून्य, रांगड्याखाली उणे ८०, उन्हाळखाली उणे ३६.

ओळीतला ८० आणि स्तंभातला ८० एकाच चुकीचे. विंचूरची ओळ आणि रांगड्याचा स्तंभ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे बोट ठेवायचं. तिथे मी लिहिलंय ११४. दोन्ही चुकांचा फरक सारखाच आला असता तर जोड्या लावता आल्या नसत्या. मग चारही छेद तपासावे लागले असते. इथे फरक वेगळे आहेत, म्हणून सुटलो.

पण मामांनी लगेच पान उघडू दिलं नाही. म्हणाले, “थांब गं. आधी ऐंशीला विचार, काय झालंय ते.”

ऐंशी म्हणजे दशकाच्या घरात आठ. कुठलाही एकच अंक चुकीचा वाचला गेला तर फरकात मागची शून्यं सोडून एकच अंक उरतो. तो कोणत्या स्थानावर आहे त्यावरून चुकलेला अंक कळतो, आणि तो केवढा आहे त्यावरून खरा अंक कळतो. दशकस्थानी मी एक वाचला. आठ कमी पडले. म्हणजे तिथे नऊ हवा. एक आणि नऊ ही आपल्या लिपीतली नेहमीची फसवी जोडी. आता भिंग घेतलं. गाठीच्या जागी शाईचा केसाएवढा ठिपका होता. १९४.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी फरकावरून अंदाज, मग पानावर खात्री. ऐंशीने जुळतंय म्हणून पान न बघताच १९४ लिहिलं असतं तर ते उतरवणं नव्हे, जुळवणं झालं असतं. आणि जुळवायला बसलं की काहीही जुळतं.

[दृश्य: निफाड-उन्हाळ घर. पडद्यावर ९२६.]

आता ३६. यात दोन अंक आहेत, तीन आणि सहा. म्हणजे एखादा पुसट अंक चुकीचा वाचला, असं हे प्रकरण नाही. इथे शाळेतला नवाचा ताळा आठवला. अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायची आणि दोन्ही बाजू ताडून बघायच्या. मी उत्साहाने निफाडच्या ओळीचा ताळा केला. ३४५चे तीन, २१७चा एक, ९२६चे आठ. एकूण बारा, म्हणजे तीन. छापील बेरीज १५२४, तिचेही तीन. ताळा जमला! आणि तरी बेरीज ३६ने चुकलेली.

मामा हसले. “नवाच्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही.”

कारण सरळ आहे. टाइप करताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून ताळा जमतो. पण मूळ आकड्यात फरक पडतो, आणि तो कायम नवाच्या पटीत असतो. छत्तीस म्हणजे नऊ चोक. म्हणजे चारचं अंतर असलेले दोन शेजारी अंक शोधायचे. ९२६ मध्ये दोन आणि सहा. उलटवले की ९६२. पानावर पाहिलं तर ९६२ अगदी स्वच्छ छापलेलं होतं. छपाईचा काही दोष नव्हता, घाई माझ्या बोटांची होती. दोन्ही घरं दुरुस्त केली आणि फरकाच्या स्तंभात वरपासून खालपर्यंत शून्य आलं.

[दृश्य: पुढचं पान. एका ओळीवर पेन्सिलची खूण.]

पुढच्या पानावर वेगळीच गंमत. एका ओळीत ४७६, २५८, ३१९. माझी बेरीज १०५३, छापील १०४३. फरक दहाचा. पण उभ्या बेरजा तिन्ही बरोबर! चूक आतल्या घरात असती तर तिच्या स्तंभातही फरक दिसला असता. एकच बाजू बिघडली आहे, म्हणजे दोष घरांत नाही, ओळीच्या बेरजेत आहे.

आता दोन शक्यता उरतात. एक तर छापलंय १०५३ आणि मी पाचाचा चार वाचला. नाही तर खरंच १०४३ छापलंय. भिंगाखाली चार स्पष्ट. मग कोपऱ्यातली सर्वांत मोठी बेरीज पाहिली. ती उभ्या बेरजांशी जुळत होती, आडव्या बेरजांपेक्षा मात्र दहाने जास्त. म्हणजे अहवालातलीच चूक. मामांनी बोटांवर करून दाखवलं: सहा, आठ, नऊ, तेवीस. हातचे दोन. कुणीतरी हातचा एकच धरला आणि दहा गळाले. की खिळे जुळवणाऱ्याने पाचाच्या खणातून चार उचलला? ते आता कळायचं नाही.

माझा हात १०५३ लिहायला शिवशिवत होता. तरी आम्ही १०४३च ठेवलं आणि शेजारी टिपेच्या स्तंभात लिहिलं, ‘मुळात असेच. बेरीज १०५३ येते.’ उद्या कुणी हे पान पुन्हा पडताळलं तर त्याला आमच्या तक्त्यात पानावर आहे तेच दिसायला हवं.

[दृश्य: एक ओळ, जिच्यात एकच घर भरलेलं.]

ही पद्धत कुठे आंधळी होते तेही सांगते. ही ओळ पाहा. या गावातून फक्त पोळ कांदा आला, म्हणून आत १९० आणि एकूणही १९०. दोन्हीकडे तसाच झिजलेला नऊ. मी दोन्हीकडे ११० वाचलं, आणि ओळ बिनतक्रार जुळली. पकडलं ते उभ्या बेरजेने. म्हणून एका बाजूचं शून्य पाहून मी आता पुढे जात नाही.

पण सर्वांत वाईट चूक दोन्ही बाजूंना शून्य असताना झाली.

[दृश्य: तिसरं पान. डावीकडे गावांची नावं. एक नाव दोन ओळींत तुटलेलं.]

या पानावर मी गावांची नावं एका दमात टाइप केली आणि नंतर आकडे. पिंपळगाव बसवंत हे नाव रुंदीत बसत नव्हतं, म्हणून छापणाऱ्याने ते दोन ओळींत तोडलं होतं. माझ्या यादीत पिंपळगाव एक गाव झालं आणि बसवंत दुसरं. आकडे मात्र छापील ओळींप्रमाणेच उतरले. त्यामुळे सायखेड्याच्या गोण्या ‘बसवंत’पुढे, त्याच्या खालच्या गावाच्या सायखेड्यापुढे, असं करत सगळे एकेक घर वर सरकले. शेवटचं गाव रिकामं राहिलं. त्या वर्षी तिथून माल आला नसेल, असं मी समजले.

फरकाचे सगळे स्तंभ शून्य होते. असणारच. प्रत्येक ओळ आपली बेरीज सोबत घेऊनच सरकली होती, आणि रिकाम्या ओळीचा फरकही शून्यच.

[दृश्य: मामांचा हात. पानावर लोखंडी पट्टी सरकते आहे.]

मामांनी पानावर पट्टी आडवी ठेवली आणि प्रत्येक गावाचं नाव आणि पहिला आकडा मोठ्याने वाचायला लागले. मी पडद्यावर बघत हो म्हणत होते. “पिंपळगाव बसवंत.” हो. “सायखेडा, दोनशे एकतीस.” मी गप्प. दोनशे एकतीस पडद्यावर वरच्या ओळीत होतं.

नावांच्या स्तंभातलं ‘बसवंत’चं तेवढं घर काढून टाकलं आणि खालची नावं एकेक घर वर घेतली. सायखेडा आपल्या आकड्यांसमोर आला, त्याच्या खालची गावंही. फरकाचा स्तंभ आधी शून्य होता, नंतरही शून्यच राहिला.