सव्वापाच रत्तीचा पुष्कराज

(दृश्य: काचेच्या पेटीतला छोटा काटा. चिमट्याने ठेवलेला फिकट पिवळा खडा. आकडा थरथरतो आणि थांबतो.)

काट्यावर आकडा आला आहे ४.७८. दुकानदार वहीत लिहितो, सव्वापाच रत्ती. ग्राहक मान डोलावतो, कारण त्याच्या पत्रिकेखाली ज्योतिषीबुवांनी तेच लिहून दिलं आहे: पुष्कराज, सव्वापाच रत्ती, सोन्यात, तर्जनीत, गुरुवारी.

गुरूचा खडा घातल्याने गुरू प्रसन्न होतो की नाही, हा या फिल्मचा विषय नाही. ज्याला घालायचा आहे तो घालणारच. प्रश्न एवढाच की मोजलेल्या पैशांत त्याच्या हाती नेमकं काय पडतं. आणि त्या प्रश्नाची सुरुवात खड्याच्या रंगापासून होत नाही, काट्यापासून होते.

(दृश्य: तळहातावर लाल गुंजा, प्रत्येकीला काळा डोळा.)

ही गुंज. रानातल्या वेलीचं बी. विषारी आहे, पण पिढ्यान्‌पिढ्या सोनारांचं वजन हेच. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्याला ९६ ने भागलं की एका गुंजेचं वजन येतं साधारण १२१ मिलिग्रॅम. सोन्याच्या हिशेबातली रत्ती ती ही.

रत्नांच्या बाजारातली रत्ती मात्र वेगळी. ती १८२ मिलिग्रॅमची धरतात, म्हणजे सोनाराच्या रत्तीच्या दीडपट. कुणी तिला पक्की म्हणतं आणि दुसरीला कच्ची. दुकानाच्या पाटीवर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. तिथे फक्त ‘रत्ती’ असते.

कॅरेटचं तसं नाही. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, जयपूरला तेवढाच आणि बँकॉकलाही तेवढाच. रत्नबाजारातली रत्ती ०.९१ कॅरेटची, सोनाराची ०.६१ कॅरेटची. आता हे दोन दुकानांत लावून बघू.

(दृश्य: दोन कागद शेजारी शेजारी. हाताने लिहिलेला हिशेब.)

समजा, पहिला दुकानदार म्हणतो, सहा हजार रुपये रत्ती. सव्वापाच रत्तीचे झाले ३१,५००. दुसरा म्हणतो, “ताई, तुमच्यासाठी साडेपाच हजार लावतो.” त्याचे होतात २८,८७५. अडीच हजार वाचले, असं वाटून कुणीही दुसऱ्याकडे वळेल. पण पहिल्याची रत्ती मोठी आहे, त्याचा खडा ४.७८ कॅरेटचा. दुसऱ्याची रत्ती सोनाराची. त्याचा खडा भरतो जेमतेम ३.१९ कॅरेट. कॅरेटमागे पहिला पडला सुमारे ६,६०० रुपयांना आणि दुसरा ९,००० च्या वर. दोघांनीही सव्वापाच रत्तीच सांगितले होते, आणि वहीत पाहिलं तर दोघेही खोटं बोललेले नाहीत.

म्हणून दुकानात शिरल्यावर पहिलं वाक्य हे असावं: “दादा, सुटा खडा काट्यावर ठेवा आणि कॅरेटमध्ये दाखवा.” अंगठीत बसवलेला खडा तोलता येत नाही. तिथे वजन दुकानदाराच्या शब्दावर घ्यावं लागतं.

आता वजनाबद्दलच आणखी थोडं. शरीराच्या दर दहा-बारा किलोंमागे एक रत्ती, असा एक नियम काउंटरवर हमखास ऐकू येतो. सत्तर किलोच्या माणसाला सात रत्ती. या नियमाने ग्रहाचं काय होतं ते ठाऊक नाही, पण बिलाचं काय होतं ते कळतं. चांगल्या नीलमणी-पुष्कराजात खडा मोठा झाला की दर कॅरेटचा भावही चढतो. खिसा तेवढाच आणि वजन वाढवायचं, तर कमी होते ती प्रत. मग सात रत्तीचा गढूळ, तडकलेला खडा बोटात येतो, जिथे त्याच पैशांत चार रत्तीचा स्वच्छ मिळाला असता.

(दृश्य: खडा आडवा धरलेला. वरचा भाग पातळ, खालचा फुगलेला.)

आणि हे बघा. खडा वरून पाहू नका, आडवा धरा. कडेच्या रेषेखाली हे जे सुटलेलं पोट दिसतं, ते कारागिराने मुद्दाम ठेवलेलं आहे. रत्तीवर विकायच्या मालात पैलू पाडताना सौंदर्यापेक्षा वजन वाचवलं जातं. वरून तो तीन-साडेतीन कॅरेटच्या खड्याएवढाच दिसतो. बाकीचं वजन अंगठीच्या आत दडतं. खाली उघड्या कोंदणात खडा कातडीला टेकायला हवा म्हणून पोट लागतंच, असंही समजावलं जातं. थोडं लागतं. एवढं नाही.

वजन ठरलं. आता हा पुष्कराज आहे का?

पुष्कराज म्हणजे पिवळा नीलमणी. माणकाच्या आणि नीलमण्याच्याच जातीचा, कुरुंद हे त्याचं खनिज. त्याच्या नावाने बाजारात पिवळा टोपाझ विकतात, सुनेला म्हणजे पिवळा स्फटिक विकतात, काचही विकतात. सुनेला हा गुरूचं उपरत्न म्हणून चालतो आणि सुनेल्याच्या भावात घेतला तर त्यात फसवणूक काहीच नाही. फसवणूक होते ती सुनेला पुष्कराजाच्या भावात घेतल्यावर.

हे घरी तपासता येतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा हवा, एक पेला पाणी आणि बारीक दोरा.

(दृश्य: काट्यावर पाण्याचा पेला, आकडा शून्यावर आणलेला. दोऱ्याने बांधलेला खडा हळूहळू पाण्यात उतरतो.)

आधी कोरडा खडा तोलला: ०.९६ ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य केला. खडा दोऱ्याला लटकवून पाण्यात पूर्ण बुडवला, पण तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही. काटा दाखवतो ०.२४. खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं हे वजन. ०.९६ ला ०.२४ ने भागलं, उत्तर ४. कुरुंदाची घनता तेवढीच असते. याच वजनाचा सुनेला असता तर काट्यावर ०.३६ आले असते, टोपाझ असता तर ०.२७. खड्याला हवेचा बुडबुडा चिकटला की हिशेब बिघडतो, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि दोन-तीनदा मोजायचं. आकडे इतके लहान आहेत की शंभराव्या भागाची चूकही उत्तर थोडं हलवते. टोपाझ आणि पुष्कराज यांतला फरक त्यामुळे काठावर येऊ शकतो. सुनेला मात्र लपत नाही.

पण उत्तर ४ आलं म्हणून पेढे वाटू नका. कारखान्यात बनलेला पुष्कराजही ४ च दाखवतो. ऑग्युस्त व्हेर्नेय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली. त्याच रीतीने आज पिवळा कुरुंदही बनतो आणि तो खनिज म्हणून खराच असतो, फक्त जमिनीतून आलेला नसतो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून त्यात कधी वर्तुळाकार वळलेल्या रेषा दिसतात, कधी गोल बुडबुडे. पिवळ्यात त्या रेषा फार पुसट असतात. जमिनीतल्या खड्यात सहसा काहीतरी असतंच: रेशमासारख्या बारीक सुया, बोटाच्या ठशासारखी द्रवाची जाळी. पाच कॅरेटचा, गडद पिवळा, आरशासारखा स्वच्छ आणि तरीही स्वस्त पुष्कराज दिसला, तर नशिबावर नव्हे, खड्यावर शंका घ्यावी.

(दृश्य: दुकानातल्या दिव्याखाली पिवळाधमक खडा. तोच खडा दाराशी, दिवसाच्या उजेडात, बराच फिका.)

आता सगळ्यात महागडी गोष्ट. खडा जमिनीतला आहे, कुरुंद आहे, पण त्याचा रंग कुणाचा?

पुष्कराज तापवणं ही जुनी आणि उघड प्रथा आहे. तापवलेला खडा खोटा नसतो, फक्त न तापवलेल्यापेक्षा बराच स्वस्त असायला हवा. त्यापुढची पायरी २००१-०२ च्या सुमारास थायलंडमधून आली. जवळजवळ बिनरंगी कुरुंद बेरिलियमसोबत सुमारे १,८०० अंश सेल्सिअसला बराच काळ भाजला की बेरिलियमचे बारीक अणू खड्यात खोलवर शिरतात आणि तो पिवळाधमक होतो. भिंगाला हे दिसत नाही. साध्या प्रयोगशाळेलाही नाही. त्याला रासायनिक पृथक्करण करणारं महागडं यंत्र लागतं. किरणोत्साराने पिवळा केलेला मालही येतो. तो निदान स्वतःच चुगली करतो, काही दिवस उन्हात ठेवला की फिका पडतो.

म्हणून पाकिटातल्या चकचकीत कार्डावर काय लिहिलं आहे ते नीट वाचावं. ‘नैसर्गिक पुष्कराज’ ही ओळ एवढंच सांगते की खडा कारखान्यात बनलेला नाही. त्यावर काय प्रक्रिया झाली, हे शेऱ्याच्या रकान्यात असतं. तो रकाना कोरा असेल किंवा कार्डावर नसेलच, तर प्रक्रिया तपासलीच नाही असं समजायचं. ‘तापवल्याची चिन्हं नाहीत’ असा शेरा हवा. आणि मोठ्या रकमेचा खडा असेल, तर बेरिलियमची तपासणी केली का, हे प्रयोगशाळेलाच थेट विचारायचं.

प्रयोगशाळा दुकानदाराने नाही, आपण निवडायची. जयपूरची जेम टेस्टिंग लॅबोरेटरी, आताचं नाव आयआयजीजे रिसर्च अँड लॅबोरेटरीज सेंटर, १९७२ पासून हेच काम करते. मुंबईतही नावाजलेल्या प्रयोगशाळा आहेत. सौदा असा करावा: विसार द्यायचा, खडा सुटा तपासणीला जाणार, अहवालात जे ठरलं ते आलं नाही तर विसार परत. चांगला व्यापारी याला हरकत घेत नाही. “आमच्यावर विश्वास नाही का?” असं विचारणाऱ्याला, काका, विश्वास आहे म्हणूनच विसार देतोय, असं म्हणून पुडी पुढे करावी. अहवाल आला की त्याचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकून बघायचा. कार्डावरचं वजन आणि काट्यावरचं वजन जुळतं का, तेही बघायचं. ४.७८ च्या कार्डासोबत ४.६१ चा खडा आला, तर ते कार्ड दुसऱ्याच खड्याचं आहे.

राहिलं बिल. त्यावर कॅरेटमधलं वजन, अहवालाचा क्रमांक आणि ‘न तापवलेला’ हे तीनही लिहून घ्यायचं. कच्च्या चिठ्ठीवर ‘पुष्कराज, ५.२५’ एवढंच असेल तर पुढे भांडायला हातात काही उरत नाही. परतीची अट वाचताना ‘बदलून मिळेल’ आणि ‘पैसे परत मिळतील’ यांतला फरक बघायचा. बदलून म्हणजे त्याच दुकानातला दुसरा खडा, त्याच दुकानाच्या भावाने, आणि बहुतेक वेळा त्याच रत्तीत.