एक मजला, दोन दारं

[दृश्य: लिफ्टचं दार उघडतं; समोरासमोर दोन फ्लॅट]

पुण्याच्या वाकडमधल्या या इमारतीत एकाच मजल्यावर समोरासमोर दोन टूबीएचके आहेत. क्षेत्रफळ सारखं, बाल्कनीतून दिसणारा हायवेही तोच. डावीकडच्या कुटुंबाने फ्लॅट विकत घेतला, उजवीकडचं कुटुंब भाड्याने राहतं. महिन्याच्या एक तारखेला डावीकडच्या खात्यातून साठ हजार जातात, उजवीकडच्या खात्यातून पंचवीस.

[दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालय; टोकनची रांग, अंगठ्याचा ठसा, कॅमेऱ्यासमोरचा फोटो]

डावीकडचा हिशेब या कार्यालयात सुरू होतो. फ्लॅटची किंमत ८० लाख. इमारत पूर्ण झालेली, भोगवटा प्रमाणपत्र हातात, म्हणून जीएसटी लागला नाही. बँकेने ६४ लाखांचं कर्ज दिलं, १६ लाख स्वतःचे घालावे लागले. पण मुद्रांक शुल्क कर्जात बसत नाही. पुरुषाच्या नावावर सात टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार, वर नोंदणीचे ३० हजार. (एकट्या स्त्रीच्या नावावर खरेदी झाली तर शुल्क एक टक्का कमी लागतं.) खरेदीच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टूची प्रत, हातात पडेपर्यंत जवळपास २२ लाखांची बचत संपली. त्यातले सुमारे सहा लाख घराच्या किमतीतही गेलेले नाहीत. उद्या फ्लॅट विकला तरी ते वेगळे कुणी परत देत नाही.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल, एजंट बोटाचा ठसा घेतो]

उजवीकडचा भाडेकरार घरात बसूनच नोंदवला गेला. अकरा महिन्यांचा करार, भाडं २५ हजार, मेंटेनन्स मालकाकडे. डिपॉझिट सोडताना परत मिळतं.

[दृश्य: बँकेने दिलेलं परतफेडीचं वेळापत्रक, पहिलं पान]

हा कागद सावकाश वाचू. वीस वर्षं, साडेआठ टक्के व्याज, हप्ता साडेपंचावन्न हजार. पहिल्या हप्त्यातले ४५ हजार ३०० रुपये निव्वळ व्याज आहेत. मुद्दलात जेमतेम दहा हजार जातात. मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो १४३ व्या हप्त्याला, बारावं वर्ष सरताना. “भाडं म्हणजे वाया गेलेले पैसे” असं घरोघरी म्हटलं जातं. मग व्याजही त्याच खात्यात धरायला हवं.

त्यात मेंटेनन्स आणि मालमत्ता कराचे मिळून महिना पाच हजार आले. शिवाय २२ लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर महिन्याला सुमारे १२ हजार ८०० मिळाले असते. हे पैसे पासबुकात कुठेच दिसत नाहीत, म्हणूनच ते हिशेबातून निसटतात. सगळं मिळून मालकीचा खरा खर्च महिना ६३ हजार. समोर भाडं २५ हजार. फरक ३८ हजारांचा, वर्षाला साडेचार लाखांहून जास्त. तेवढा पैसा घराच्या वाढत्या किमतीतूनच निघायला हवा.

[दृश्य: वरून दिसणारं वाकड, क्रेन, नवे टॉवर]

किती वाढायला हवी किंमत? दहा वर्षांचं गणित मांडू. भाडं आणि मेंटेनन्स दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढवत नेऊ. भाडेकरू सुरुवातीचे २२ लाख आणि दर महिन्याला दोन्ही खात्यांतून प्रत्यक्ष जाणाऱ्या रकमांमधला फरक, दोन्ही सात टक्क्यांनी गुंतवतो असं धरू. दहा वर्षांनी त्याच्याकडे सुमारे ९६ लाख जमतात. मालकाचं तेव्हा जवळपास ४५ लाख कर्ज बाकी असतं. म्हणजे बरोबरीला यायला फ्लॅट १ कोटी ४१ लाखांना विकला जायला हवा, वर्षाला पावणेसहा टक्क्यांहून थोडी जास्त वाढ. वाढ सात टक्के झाली तर मालक सोळा लाखांनी पुढे; चार टक्क्यांवर राहिली तर भाडेकरू बावीस-तेवीस लाखांनी. विक्रीची दलाली आणि दोन्हीकडचे कर यात धरलेले नाहीत.

[दृश्य: उजवीकडच्या घरात मोबाइलवर एसआयपीचा संदेश]

भाडेकरूच्या बाजूचा आकडा या एका संदेशावर उभा आहे. दर महिन्याचा फरक खर्च होऊन गेला, तर दहा वर्षांनी त्याच्याकडे फक्त त्या २२ लाखांचे ४३ लाख झालेले असतील. मग चार टक्क्यांच्या वाढीतही मालक जिंकतो, कारण हप्त्याने त्याला बचत करायला भाग पाडलेलं असतं.

[दृश्य: टेम्पोत चढणारं कपाट, शाळेचा गणवेश घातलेली मुलगी]

घरमालकाने करार वाढवला नाही की शाळा, बस, डॉक्टर सगळं बदलतं.

[दृश्य: डावीकडचा दरवाजा, नावाची पाटी]

डावीकडच्या कुटुंबाला तीन वर्षांत बदलीमुळे फ्लॅट विकावा लागला, तर मुद्रांक शुल्काचा सगळा भार त्या तीन वर्षांवर पडेल. तेव्हा नुसत्या बरोबरीसाठी किंमत वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास वाढलेली लागेल. त्यामुळे या मजल्यावर दर चौरस फुटाचा भाव विचारण्याआधी इथे किती वर्षं राहणार हे ठरवावं लागतं.