अठ्ठेचाळीस घरं

(पहाटेचा अंधार. नळाखाली भरत असलेल्या कळशीचा आवाज. स्वयंपाकघरात एकच दिवा.)

सांगलीतलं हे घर. पाच वाजलेत. नळाला पाणी आलंय, तेव्हा धाकटी सून उठली आहे आणि थोरलीही उठली आहे. कळश्या भरून झाल्या की एकीने कणीक मळायची, दुसरीने सासऱ्यांच्या ज्वारीच्या भाकरीचं पीठ काढायचं. सासऱ्यांना साखरेचा त्रास आहे, त्यांना चपाती चालत नाही. चहा इथे तीनदा होतो, कारण घरातली माणसं तीन वेगवेगळ्या वेळांना उठतात. पाच डबे साडेआठच्या आत भरले गेले पाहिजेत.

घरात नऊ माणसं. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं, धाकटी सून, तिचा नवरा आणि चार वर्षांची मुलगी.

धाकटी एका बँकेत क्लार्क आहे. तिला ऑफिसर व्हायचंय. त्या वाटेवर जेएआयआयबी नावाची परीक्षा आहे. बँकेत काम करणाऱ्यांसाठीची ही परीक्षा, चार पेपर, वर्षातून दोनदा, आणि पेपर बहुतेक रविवारी. पास झालं की पगारात एक वाढ मिळते आणि प्रमोशनच्या वेळी हातात काहीतरी असतं. हिशेब, बँकिंगचे नियम, अर्थव्यवस्था आणि किरकोळ कर्जं असा अभ्यास. नोकरी सांभाळून रोज दीड तास बसलं तर पाच महिन्यांत होतो, असं तिच्या शाखेतले आधी पास झालेले सहकारी सांगतात.

हा दीड तास तिला मिळत नव्हता. त्याचीच ही गोष्ट आहे.

(एक शंभर पानी वही. पानावर पट्टीने आखलेल्या रेघा.)

सुरुवात या वहीपासून झाली. भारत सरकारचं एक सर्वेक्षण असतं, लोक आपला दिवस कशात घालवतात त्याचं. त्यात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चार अशा चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करतात. एकूण अठ्ठेचाळीस घरं. प्रत्येक घरात त्या वेळी काय केलं ते नोंदवायचं. २०२४ च्या सर्वेक्षणात असं दिसलं की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे रोजचे सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ८८.

धाकटीने हीच पद्धत घरात आणली. एका बुधवारी सहाही मोठ्या माणसांची पानं भरली. कोणी भरायला कुरकुर केली तर तिने स्वतः विचारून भरली. रात्री बेरीज केली.

धाकटीची तेरा घरं घरकामाची, म्हणजे साडेसहा तास, बँकेची नोकरी वेगळी. सासूबाईंची नऊ. नवऱ्याची तीन, सासऱ्यांची तीन, दिरांचं एक, ते म्हणजे दूध आणणं. आणि जाऊबाईंची एकोणीस.

सगळी मिळून अठ्ठेचाळीस. त्या घरात रोज अख्खा एक दिवस भरेल एवढं काम होतं. त्यातली एक्केचाळीस घरं तीन बायकांच्या नावावर आणि सात घरं तीन पुरुषांच्या.

ही वही तिने तेव्हा कोणाला दाखवली नाही. तिने जे केलं ते बहुतेक घरांत होतं तेच. सासूबाईंना सांगितलं, आई, मला पहाटे पाच ते साडेसहा अभ्यासाला द्या. सासूबाई हो म्हणाल्या. त्यांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाई पण हो म्हणाल्या.

तीन आठवडे ठरल्याप्रमाणे चाललं. धाकटी वरच्या खोलीत पुस्तक उघडून बसायची, खाली कळश्या वाजायच्या. मग भांडी जरा जास्त वाजू लागली. जाऊबाई कोणाशी भांडल्या नाहीत, पण बोलणं कमी झालं. एका दुपारी धाकटीला कळलं की गल्लीतल्या एका बाईने दिलेलं ब्लाउजचं कापड जाऊबाईंनी परत पाठवलंय. वेळ नाही म्हणून.

जाऊबाई शिवणकाम करतात. बारा वर्षं झाली. मशीन स्वयंपाकघराच्या बोळात, जाता-येता कोणाचा तरी धक्का लागतो अशा जागी. त्यांच्या शिवणकामाला घरात कोणी नोकरी म्हणत नव्हतं, म्हणून त्यांना वेळ लागतो हेही कोणाच्या ध्यानात नव्हतं.

धाकटीने पुन्हा वही काढली. जाऊबाईंचं पान पुन्हा भरलं. एकोणीसची बावीस झाली होती.

आम्ही हे चित्रीकरण करताना मला सगळ्यात जास्त खुपलेली गोष्ट ही. एकत्र कुटुंबात एका सुनेला वेळ मिळतो तेव्हा तो बहुतेक वेळा दुसऱ्या सुनेचा असतो. सासूबाईंनी परवानगी दिली होती, त्याचा मोबदला जाऊबाई देत होत्या. पुरुषांच्या सात घरांना हातही लागला नव्हता.

(दुपार. पुढची खोली. जेवणं झालेली, पानदान मधे.)

दुसरी बोलणी रविवारी झाली. ती कशी जमली, ते सांगण्यासारखं आहे. धाकटी आधी जाऊबाईंकडे गेली. वही त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "वहिनी, हे मी चुकीच्या माणसाकडून मागितलं. तुम्हाला काय हवंय ते आधी सांगा." जाऊबाईंनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "दुपारी तीन ते पाच कोणी हाक मारू नका. आणि मशीन बोळातून काढा."

मग दोघी सासूबाईंकडे गेल्या. दिरांशी मात्र धाकटी स्वतः बोलली नाही. थोरल्या दिराला कामं सांगणं या घरात बसत नाही. ते तिच्या नवऱ्याने केलं, एक दिवस आधी, गच्चीवर. "दादा, घरात आपण दोघं मिळून चार घरं भरतो," एवढंच तो म्हणाला आणि वही दिली. म्हणून रविवारी दादा बसले तेव्हा त्यांना ते नवीन नव्हतं, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालायची वेळही आली नाही.

त्या दुपारी तीन गोष्टी ठरल्या, आणि त्यातल्या एकीवर खूप वेळ गेला.

पहिली लगेच पटली. मदत करायची नाही, काम घ्यायचं. सकाळचे डबे नवऱ्याने घ्यायचे म्हणजे फक्त भरायचे नाहीत. भाजी कोणती हे आदल्या रात्री ठरवणं, चिरून ठेवणं, कोणाच्या डब्याचं झाकण सैल झालंय ते पाहणं, रात्री डबे धुवून पालथे घालणं, हे सगळं त्याचं. रात्रीची आवराआवर दादांची. कोणाला उशीर झाला तर भावाने भावाशी अदलाबदल करायची. काम परत बायकांकडे जाणार नाही.

दुसरी गोष्ट, संध्याकाळच्या चपात्यांना बाई लावायची. इथे सासूबाई अडल्या. आपल्या घरात बाहेरच्या हातच्या चपात्या? तासभर हाच विषय होता. नवरा खर्चाचं सांगत होता, दादा चवीचं. शेवटी जाऊबाईंनी विचारलं, "आई, पीठ तुम्हीच काढून द्याल का रोज?" सासूबाई गप्प झाल्या, मग हो म्हणाल्या. त्यांना चपातीची काळजी नव्हती. या स्वयंपाकघरात काय शिजतं ते आपल्याला विचारून शिजतं, हे त्यांना हवं होतं, आणि ते मागणं रास्त होतं. चाळीस वर्षं त्यांनी ते घर चालवलंय. बाईचा पगार दोघा भावांनी अर्धा-अर्धा द्यायचं ठरलं. तोवर असा कुठलाही खर्च धाकटीच्या पगारातून जायचा, जणू ती स्वतःची सुट्टी विकत घेत होती.

तिसरी गोष्ट कॅलेंडरची. जून ते नोव्हेंबर, एवढ्याच महिन्यांची बोली. मधे गौरी-गणपती. गौरींच्या तीन दिवसांत धाकटी पुस्तक उघडणार नाही, हे तिने स्वतः सांगितलं. त्या बदल्यात ऑक्टोबरचे दोन रविवार तिला अख्खे मिळणार, त्या दोन रविवारी घरी जेवायला पाहुणे बोलवायचे नाहीत. सासरे इतका वेळ गप्प होते. त्यांनी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दोन तारखांभोवती लाल पेनने गोल केला.

(फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद.)

महिन्याभरात नवीन अडचण आली. कामं वाटली गेली होती, लक्षात ठेवणं वाटलं गेलं नव्हतं. सिलेंडर संपत आलाय, मुलीची लस पुढच्या आठवड्यात आहे, सासऱ्यांच्या गोळ्या तीनच उरल्यात, हे सगळं अजून जाऊबाईंच्या डोक्यात होतं. वहीतल्या घरांत हे काम दिसत नाही, कारण ते भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना चालू असतं. म्हणून हा कागद. सिलेंडर दादांकडे, औषधं सासऱ्यांकडे त्यांची त्यांनीच, लस आणि शाळेच्या चिठ्ठ्या धाकटीच्या नवऱ्याकडे. सिलेंडर एकदा संपलाच. दोन दिवस इंडक्शनच्या शेगडीवर काढले. कोणीही दादांच्या वतीने नंबर लावला नाही. जाऊबाई म्हणतात, ते दोन दिवस गप्प बसणं त्यांना फार जड गेलं.

ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा वही भरली. चपात्यांची बाई तीन घरं घेऊन गेली होती, म्हणजे उरली पंचेचाळीस. धाकटीची नऊ. जाऊबाईंची पंधरा. सासूबाईंची आठ. नवऱ्याची सात, दादांची तीन, सासऱ्यांची तीन. पुरुषांची सात होती, ती तेरा झाली. बायकांची अजूनही बत्तीस.

नोव्हेंबरच्या तोंडावर सासऱ्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. पाच दिवस. वही, कागद, सगळं बाजूला पडलं. रात्रीची पाळी भावांनी घेतली, दिवसाची धाकटीने रजा टाकून. चारातला एक पेपर तिला देता आला नाही. दिलेले तीन पास झाले. पास झालेले पेपर ठरलेल्या मुदतीत पुन्हा द्यावे लागत नाहीत, त्यामुळे आता एकच राहिलाय. बोली नोव्हेंबरपर्यंतची होती. ती वाढवून हवी, हे तिला पुन्हा रविवारी बसूनच मागावं लागलं, आणि जाऊबाईंनी तेव्हा आपलं नवीन मागणं पुढे केलं. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात त्यांनाही संध्याकाळ मोकळी हवी. धंदा त्याच दिवसांत असतो.

एक प्रश्न या घराने अजून उघडलेला नाही. क्लार्कचा ऑफिसर झाला की बहुधा बदली होते. सांगलीहून कुठे, हे आधी कळत नाही. डबे आणि चपात्या वाटून घेता येतात. बदलीच्या गावी मुलगी कोणाजवळ राहील, नवरा जाईल की थांबेल, सासऱ्यांच्या दवाखान्याला कोण असेल, याला वहीत घर नाही. धाकटीच्या शाखेत दोन बायका पात्र असून फॉर्मच भरत नाहीत, याच कारणाने.

(पुढची खोली. खिडकीपाशी शिवणयंत्र. दुपारचे तीन.)

मशीन आता इथे आहे. उजेड चांगला येतो. दार लोटलेलं आहे, आणि बाहेर सासूबाई नातीला सांगताहेत की काकूला आत्ता हाक मारायची नाही, पाच वाजू देत.

धाकटीने प्रमोशनचा फॉर्म आणलाय. तो फ्रीजवर, त्या कागदाशेजारी लावलाय. येत्या रविवारी बसायचं ठरलंय, आणि या वेळी बैठक दादांनी बोलावली आहे.