हरवलेलं उत्तर, पुन्हा विचारताना

बघा, चॅटबॉटने एकदा दिलेलं चांगलं उत्तर गेलं, चॅट डिलीट झाला, की आपण काय करतो, तोच प्रश्न परत टाकतो आणि शब्दन् शब्द तेच येईल म्हणून वाट बघतो. येत नाही. मॉडेल पुढचा शब्द शक्यतांमधून उचलतं, त्यामुळे दर वेळी वाट थोडी वेगळी पडते. टेंपरेचर, म्हणजे शब्द निवडताना किती मोकळीक द्यायची ते सेटिंग, शून्य केलं तरी पूर्ण खात्री नाही, कारण सर्व्हरवर सोबत किती रिक्वेस्ट्स चालल्यात त्यावरसुद्धा शेवटच्या दशांशातली आकडेमोड हलते, शिवाय मधल्या काळात मॉडेलच बदललेलं असू शकतं.

माझ्या बाबतीत झालं ते सांगतो. जन्मतारखांची एक यादी होती, तारखा 5/3/58 अशा, म्हणजे 5 मार्च 1958. त्या 1958-03-05 अशा करून देणारी पायथन स्क्रिप्ट मी करून घेतली होती, वापरली, आणि ती गेली. मग मी काय केलं, पहिला मेसेज जसाच्या तसा परत टाकला. स्क्रिप्ट आली, चाललीही, एरर एक नाही, पण 5 मार्चचा 3 मे झाला. यावेळी तारखा वाचायला `dateutil` नावाचं बाहेरचं पॅकेज वापरलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय महिना आधी धरतं. गंमत म्हणजे 25/3/58 मात्र बरोबर, कारण 25 हा महिना असूच शकत नाही, तेव्हा ते गुपचूप दिवस समजतं. म्हणून वरवर बघून काही कळत नाही, निम्म्या ओळी बरोबरच दिसतात. शिवाय साल 2058!

आता खरी चूक कुठे होती? अटी पहिल्या मेसेजमध्ये नव्हत्याच. दिवस आधी, हे दुसऱ्या मेसेजमध्ये सांगितलेलं, आणि 2058 चं तर पहिल्या वेळीही झालं होतं, कारण पायथनच्या `strptime` मधलं दोन आकडी साल वाचणारं `%y` 00 ते 68 ला 2000 च्या पुढे नेतं, तेव्हा मी वैतागून लिहिलं होतं की तारीख भविष्यातली निघाली तर शंभर वर्षं वजा कर. चॅट गेला तशी ती सगळी घासाघीसही गेली.

मग आठवून आठवून अटी एका जागी लिहिल्या: दिवस आधी, भविष्यातली तारीख शंभर वर्षं मागे, वाचता न आलेली तारीख रिकामी, बाहेरची लायब्ररी नको. नवीन स्क्रिप्टमध्ये नावं वेगळी, फंक्शन तीन ऐवजी एक, पण मला कोड जुळवायचाच नव्हता. जुन्या स्क्रिप्टने काढलेली फाइल माझ्याकडे शिल्लक होती ना, तीच कसोटी:

```
diff old.csv new.csv
```

तीन ओळी वेगळ्या आल्या. म्हटलं आता कुठली अट राहिली, अर्धा तास डोकं खाजवलं, मग लक्षात आलं की त्या तिन्ही तारखा मूळ यादीतच चुकलेल्या होत्या आणि त्या मी तेव्हा हाताने दुरुस्त केल्या होत्या.