नाडी मोजताना: नववीच्या वर्गातील एक तासिका

(दृश्य: परळमधील एका मराठी शाळेचा जिना. दुपारच्या अधिवेशनातील मुले तिसऱ्या मजल्यावर येत आहेत.)

निवेदन :

मधली सुट्टी संपवून तीन जिने चढून आलेल्या मुलांची नाडी वर्गात पाऊल टाकताक्षणी मोजली, तर जो आकडा मिळेल तो विश्रांतीचा नसेल. विज्ञानाच्या बाई म्हणूनच पहिली पाच मिनिटे काहीच मोजू देत नाहीत. मुले बाकांवर पाठ टेकून बसतात, पाय जमिनीवर सरळ ठेवतात आणि बोलणे थांबवतात. ही पाच मिनिटे वाया गेल्यासारखी वाटली, तरी पुढची सगळी मोजणी त्यांच्यावर अवलंबून आहे, कारण बसल्याजागी हसण्या-बोलण्यानेही नाडी वाढते आणि नुसते उठून उभे राहिले तरी ती मिनिटाला दहा-एक ठोक्यांनी वर जाऊ शकते.

मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली, हाडाच्या आतल्या बाजूच्या खोबणीत तर्जनी आणि मधले बोट अलगद ठेवायचे. अंगठा वापरायचा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवते आणि मोजणारा नकळत आपलेच ठोके मोजू लागतो. नाडी सापडली नाही की बहुतेक मुले बोटे अधिक जोरात दाबतात आणि त्या दाबाने धमनी मिटून उरलीसुरली नाडीही हरवते. अशा वेळी बाई मुलांना दाब कमी करायला आणि बोटे अर्धा सेंटिमीटर सरकवायला सांगतात.

(दृश्य: तीन मुलींचा गट. मधल्या मुलीचे दोन्ही हात बाकावर, दोन बाजूंना दोन मैत्रिणी.)

या वर्गात एका मुलाची नाडी दोघे जण एकाच वेळी मोजतात, एक डाव्या मनगटावर आणि दुसरा उजव्या. हृदय एकच असल्यामुळे दोन्ही हातांवरचे ठोके सारखेच असणार. दोघांनी मनातल्या मनात मोजायचे, आणि एकमेकांना काहीही सांगण्यापूर्वी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहायचा. दोन आकड्यांत एकापेक्षा अधिक फरक पडला, तर चूक मोजण्यात झाली आहे हे कोणी न सांगताही कळते. मुलांच्या हाती प्रयोगाची पडताळणी देणारी याहून साधी पद्धत क्वचितच असेल.

आपण या तीन मुलींच्या चिठ्ठ्यांकडे पाहू. पंधरा सेकंदांच्या मोजणीत डाव्या हाताच्या चिठ्ठीवर 20 आले आणि उजव्या हाताच्या चिठ्ठीवर 21. फरक एकाचाच आहे, तरीही बाई तिथे थांबतात, कारण चारने गुणल्यावर एकीचे उत्तर 80 होते आणि दुसरीचे 84. दोघींना पुन्हा मोजायला लावल्यावर कारण समोर येते. एकीने घड्याळ सुरू झाले त्या क्षणाचा ठोका ‘शून्य’ म्हणून धरला होता, तर दुसरीने ‘एक’ म्हणून. आपल्याला मोजायची असतात ती दोन ठोक्यांमधली अंतरे. मिनिटाला 80 ठोके म्हणजे दर पाऊण सेकंदाला एक ठोका, आणि पंधरा सेकंदांत अशी वीस अंतरे बसतात. पहिल्याच ठोक्याला एक म्हटले की एकवीस होतात. म्हणून ठोक्यावर घड्याळ सुरू करणाऱ्याने शून्यापासूनच सुरुवात करावी, असा नियम वर्गाने फळ्यावर लिहून घेतला.

यानंतर बाई त्याच मुलीची नाडी पूर्ण साठ सेकंद मोजायला सांगतात. दोन्ही चिठ्ठ्यांवर 79 येतात. मुले गोंधळतात, की मग 80 चूक होते का? ते चूक नव्हते. पंधरा सेकंदांचा आकडा चारने गुणला की उत्तर 76, 80, 84 असे चारच्या टप्प्यांनीच येते. 79 हे उत्तर त्या पद्धतीत मिळूच शकत नाही. पंधरा सेकंदांच्या मोजणीवरून कोणी ‘माझी नाडी कालपेक्षा चारने कमी झाली’ असे म्हणत असेल, तर तो फरक एका ठोक्याच्या मोजणीचा असू शकतो, हे या मुलांना आता उदाहरणासकट ठाऊक आहे. विश्रांतीच्या नाडीसाठी घाई नसते, त्यामुळे ती पूर्ण मिनिटभर मोजावी.

याच वेळी मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, याची नाडी मध्येच भराभर पडते आणि मध्येच हळू होते.” बाई त्या मुलाला सावकाश खोल श्वास घ्यायला आणि सोडायला सांगतात. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये हा चढउतार सहज जाणवतो आणि तो निरोगी आहे. मात्र श्वासाशी संबंध नसलेली अनियमितता वारंवार जाणवली, किंवा जोडीला चक्कर, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे असे काही असेल, तर पालकांना सांगून डॉक्टरांकडे पाठवायचे असते. वर्गात निदान करायचे नसते.

(दृश्य: शाळेचे सभागृह. तीस सेंटिमीटर उंचीच्या लाकडी पायऱ्या. पंखे सुरू आहेत.)

व्यायामासाठी मैदान लागत नाही, आणि मुंबईच्या अनेक शाळांकडे ते नसतेही. तीस सेंटिमीटर उंचीची पायरी, फोनवरचा मिनिटाला 96 टिकटिक करणारा मेट्रोनोम आणि तीन मिनिटे पुरतात. एका टिकीला उजवा पाय वर, मग डावा वर, उजवा खाली, डावा खाली. म्हणजे मिनिटाला 24 फेऱ्या. ताल ठरलेला असल्यामुळे प्रत्येक वेळी काम तेवढेच होते आणि पुढच्या महिन्यातल्या आकड्याशी तुलना करता येते. दमा, ताप किंवा हृदयाचा काही त्रास असलेल्या मुलांना बाई आधीच विचारून घेतात आणि घड्याळ व नोंदवही त्यांच्या हाती देतात.

तीन मिनिटे संपताच मुलगी खुर्चीवर बसते, आणि इथे सेकंदांना किंमत येते. विश्रांतीत हृदयाला मेंदूकडून येणाऱ्या एका मज्जातंतूने, म्हणजे व्हेगसने, लगाम लावलेला असतो. हृदयाच्या स्वतःच्या तालाला मोकळे सोडले तर तो मिनिटाला साधारण 100 च्या आसपास असतो. व्यायाम सुरू होताच आधी हा लगाम सैल पडतो आणि पाठोपाठ दुसरे मज्जातंतू हृदयाला वेग देतात. व्यायाम थांबला की लगाम लगेच पुन्हा ओढला जातो, त्यामुळे पहिल्या मिनिटात नाडी झपाट्याने उतरते.

म्हणून व्यायामानंतरची नाडी मिनिटभर मोजून चालत नाही. जोडीदाराने मुलगी बसता बसताच मनगट पकडायचे आणि लगेच दहा सेकंद मोजून सहाने गुणायचे. मनगटावर नाडी चटकन सापडत नसेल तर मानेवर, श्वासनलिकेच्या एका बाजूला, हलक्या हाताने बोटे ठेवता येतात. तिथे जोरात दाबायचे नाही आणि दोन्ही बाजूंना एकदम तर मुळीच नाही, कारण त्या जागी दाब पडला की शरीर स्वतःहून नाडी मंद करते आणि चक्करही येऊ शकते.

आपल्या गटात दहा सेकंदांत 26 ठोके मोजले गेले, म्हणजे मिनिटाला 156. एक मिनिटानंतर पुन्हा दहा सेकंदांत 18, म्हणजे 108. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मात्र व्यायाम थांबल्यापासून पूर्ण मिनिट मोजले होते आणि तिच्या चिठ्ठीवर 127 होते. तिची मोजणी बिनचूक होती, पण हा आकडा 156 पासून 108 पर्यंत उतरत गेलेल्या नाडीची सरासरी सांगतो. व्यायामाच्या शेवटी हृदय किती वेगाने चालले होते, हे त्यातून कळत नाही. दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून बाईंनी वर्गाला विचारले की यांतली कोणती चिठ्ठी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे. माझ्या मते तासिकेतला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता.

(दृश्य: फळा. 79, 156, 108.)

आता या तीन आकड्यांचा अर्थ. विश्रांतीचे 79 हे 60 ते 100 या नेहमीच्या पल्ल्यात बसते, आणि त्या पल्ल्यात कोण वर व कोण खाली यावरून मुलांचे क्रमांक लावण्यात अर्थ नाही. 156 म्हणजे जोराचा व्यायाम की बेताचा, हे ठरवायला हृदयाचा कमाल वेग माहीत असावा लागतो. मुलांनी इंटरनेटवरून ‘220 वजा वय’ हे सूत्र आणले होते. ते 1971 मध्ये फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झाले आणि प्रौढांच्या माहितीवर बेतलेले आहे. चौदा वर्षांच्या मुलीसाठी ते 206 देते. शाळकरी वयात कमाल वेग वयानुसार फारसा बदलत नाही आणि तो सुमारे 200 धरणे अधिक रास्त ठरते, शिवाय एकेका मुलामागे त्यात दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

वर्गाने 200 धरून हिशेब केला. विश्रांतीपासून कमालपर्यंत वाढीला 121 ठोक्यांचा वाव होता आणि त्यातले 77 वापरले गेले, म्हणजे सुमारे 64 टक्के. एका मुलाने गणकयंत्रावर 63.6 वाचले, तेव्हा बाईंनी त्याला 26 च्या जागी 25 आणि 27 घालून पाहायला सांगितले. उत्तरे 59 आणि 69 टक्के आली. दहा सेकंदांतला एक ठोका इकडेतिकडे झाला की उत्तर पाच टक्क्यांनी हलते, तेव्हा दशांश लिहिणे निरर्थक आहे. व्यायाम मध्यम ते जोमदार यांच्या सीमेवरचा होता, एवढेच वहीत लिहिले गेले.

एका मिनिटातली 48 ठोक्यांची उतरण पाहून कोणीतरी म्हणाले की 12 पेक्षा कमी उतरली तर धोका असतो, असे वाचले आहे. ती मर्यादा वैद्यकीय तपासणीसाठी आलेल्या प्रौढांच्या अभ्यासातली आहे. ती नववीच्या वर्गाला लावता येत नाही.

मुंबईत आणखी एक गोष्ट नोंदवावी लागते. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होण्यासाठी रक्त अधिक प्रमाणात त्वचेकडे वळते, आणि तेवढ्याच पायऱ्यांसाठी हृदयाला अधिक ठोके टाकावे लागतात. ऑक्टोबरमधली नाडी जानेवारीत उतरली, तर श्रेय सरावाला द्यायचे की हवेला, हे ठरवता येणार नाही. त्यामुळे वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, वेळ, तापमान आणि पंखा सुरू होता की बंद, हे लिहिले जाते. उंची आणि वजन वेगळे असल्यामुळे तीच पायरी सगळ्यांना सारखी जड नसते. म्हणून मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्याच आकड्यांशी होते, फळ्यावर कोणाचे नाव लिहिले जात नाही आणि या आकड्यांना गुणही दिले जात नाहीत.

सहा आठवड्यांनी याच मुलीची विश्रांतीची नाडी वर्गात 75 भरली. सरावाने विश्रांतीची नाडी उतरू शकते, हे वर्गाला माहीत आहे, पण एका दिवसाच्या 79 वरून दुसऱ्या दिवशीच्या 75 वर येणे रोजच्या चढउतारातही बसते. वर्गाने निष्कर्ष लांबणीवर टाकला आहे. ती आता पाच दिवस सकाळी उठल्याउठल्या, अंथरुणातून उठण्यापूर्वी, पूर्ण मिनिट नाडी मोजणार आहे आणि पाच आकड्यांतला मधला आकडा वहीत लिहिणार आहे. पुढच्या सत्रात पुन्हा पाच सकाळी मोजून मिळालेला मधला आकडा त्याच्या शेजारी लिहिला जाईल.