असू दे, तुमची कामं असतात

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या वैशाखात राजापूरजवळ राहणाऱ्या माझ्या मावशीला मी सांगितलं होतं, शनिवारी जेवायलाच येते. कोल्हापूरहून अणुस्कुरा घाट उतरून दुपारपर्यंत सहज पोचता येतं. पण घरी पाहुणे आले, जाणं राहिलं, आणि फोन केला तो रात्री साडेआठला. मावशी म्हणाली, "अगो, असू दे. तुमची कामं असतात." मला वाटलं, मिटलं.

महिनाभराने शेजारच्या वहिनींकडून खरं कळलं. गाडी आत यायची म्हणून मावशीने सकाळपासून बेडं उघडं ठेवलं होतं. वैशाखात गुरं मोकाट असतात, ती आत शिरली आणि केळीची रोपं खाऊन गेली. बरक्या फणसाची सांदणं केली होती, ती संध्याकाळी वाटून टाकली. "असू दे" या दोन शब्दांत एवढं सगळं होतं.

मग फोन केला, दुपारची झोप झाल्यावर, दिवेलागणीच्या आधी. म्हातारपणी आधी बारीक, टिपेचे आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून ओरडण्यापेक्षा जरा खालच्या पट्टीत, सावकाश बोलावं. स्पीकर तर मुळीच लावू नये. शब्द फाटतात, आणि भोवती माणसं आहेत हे पलीकडे जाणवतं. मी म्हटलं, "मावशी, तू वाट बघत बसलीस आणि मी दुपारी एक फोनसुद्धा केला नाही. माझं चुकलं. केळी गेली तेही कळलं." पाहुण्यांचं नाव काढलं नाही. 'पण' आला की माफी संपते आणि वकिली सुरू होते. ती गप्प राहिली. मीही ती शांतता भरून काढायला गेले नाही. मग हळूच म्हणाली, "सांदणं चांगली झाली होती हो."

तरीही पत्र लिहिलंच, कारण फोन ठेवला की संपतो आणि पत्र उशीखाली राहतं. पोस्टकार्ड नको, वाटेत कुणीही वाचतं. अंतर्देशीय घेतलं, ठळक निळ्या शाईने, दोन ओळींत अंतर सोडून लिहिलं. मोतीबिंदूमुळे तिला ते शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावं लागेल, हे धरून घरातलं काही त्यात घातलं नाही. वर लिहिलं 'तीर्थस्वरूप मावशीस, सा. न. वि. वि.' 'तीर्थरूप' आईवडिलांसाठी, आणि मावशी या बाबतीत भारी काटेकोर! 'लवकरच येते' असंही लिहिलं नाही. आषाढातल्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या एस.टी.ने येते आणि केळीचे चार मुनवे आणते, एवढंच लिहिलं.

आठवड्याने तिचाच फोन आला. "पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे तुझं. आणि बेडं लावलेलं असेल हो, आलीस की हाक मार."