१८१ घरं की १०?

पडद्यावर २१ बाय २१ घरांचा मोकळा पट आहे. सुरुवात मधोमध, आणि तिथून उजवीकडे दहा पावलांवर मुक्काम. चालायचं फक्त चार दिशांना, प्रत्येक पावलाचा खर्च १, आणि शोधायची सर्वांत छोटी वाट.

आधी ब्रेड्थ-फर्स्ट सर्च. इथे साधी रांग असते, जे घर आधी सापडलं ते आधी तपासायचं. निळा रंग कसा पसरतोय पाहा, शंकरपाळ्याच्या आकारात, चहूकडे सारखा. नऊ पावलांच्या आतली सगळी घरं संपल्याशिवाय मुक्कामाची पाळी येत नाही. ती घरं भरतात १८१, आणि त्यातली ८१ तर मुक्कामाच्या उलट बाजूची. वाट मात्र सर्वांत छोटी मिळते, यात शंका नाही.

आता ए-स्टार. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करताना ही पद्धत १९६८ मध्ये मांडली. प्रत्येक घराला एक आकडा द्यायचा:

```
f = g + h
```

g म्हणजे आतापर्यंत चाललेली पावलं, h म्हणजे उरलेल्या अंतराचा अंदाज. इथे h साठी आडवी आणि उभी घरं मोजून बेरीज करू. भिंती आल्या तर खरी वाट लांबेल, पण या बेरजेहून छोटी कधीच होणार नाही. अंदाज खऱ्या अंतराच्या वर जात नाही, म्हणून छोटी वाट हातची सुटत नाही. रांगेतून दर वेळी सर्वांत कमी f असलेलं घर काढायचं. सरळ रेषेतल्या घरांचा f १०, एक पाऊल बाजूला गेलं की १२. त्यामुळे मुक्कामाआधी तपासली जातात फक्त १० घरं.

पण पट बदलून पाहू. ११ बाय ११ चा मोकळा पट, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं. आता पटावरच्या १२१ पैकी प्रत्येक घराचा f २० येतो! बरोबरी सुटताना कमी g चं घर आधी निघालं, तर ए-स्टार अगदी ब्रेड्थ-फर्स्टसारखा वागतो आणि मुक्कामाआधी १२० घरं चाळतो. उपाय छोटा आहे: f सारखा असेल तर कमी h चं घर आधी काढा. मग मुक्काम धरून २१ घरांत काम होतं. ए-स्टार लिहूनही वेग वाढला नाही, तर पहिल्यांदा ही बरोबरी तपासावी.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती दिसत नाही. तिरकी पावलं सुरू केली, सरळ पावलाला १० आणि तिरक्याला १४ खर्च धरला, पण अंदाज जुनाच ठेवला, आडव्या-उभ्या घरांची बेरीज, फक्त दहापट. तिरक्या शेजाऱ्याचा खरा खर्च १४, अंदाज सांगतो २०. वाट मिळते, पण ती सर्वांत स्वस्त असेलच असं नाही. अशा पटावर अंदाज असा हवा, dx म्हणजे उरलेली आडवी घरं आणि dy म्हणजे उभी:

```
h = 10*(dx+dy) - 6*min(dx,dy)
```

खात्री करायची तर h शून्य ठेवून तोच नकाशा पुन्हा चालवा. एकूण खर्च आधीपेक्षा कमी आला, तर अंदाज कुठेतरी वर जातोय.